लहान मुलाचा कान ठणकतो तेव्हा: पहिले तीन दिवस, दुखण्याचं औषध आणि अँटिबायोटिकचा निर्णय

एक ते तीन वर्षांच्या मुलाचा कान दुखायला लागला की घरात एकच प्रश्न उठतो: अँटिबायोटिक द्यायचं का? खरं तर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न दुखणं थांबवण्याचा, आणि त्याचं उत्तर अँटिबायोटिकमध्ये नाही. योग्य अँटिबायोटिक योग्य मात्रेत दिलं तरी पहिल्या चोवीस तासांत कानाच्या ठणक्यावर त्याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. त्या वेळात मुलाला आराम मिळतो तो पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनने, आणि तोही मात्रा बरोबर असली तरच. म्हणून या लेखात दुखणं आणि जंतुसंसर्ग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत.

समजण्यासाठी एक मूल डोळ्यासमोर ठेवू. ईरा, वय सोळा महिने, वजन १० किलो. चार दिवसांपासून सर्दी आहे, नाक वाहतंय, थोडा खोकला आहे. दिवसा खेळली, पण रात्री दीड वाजता किंचाळून उठली. अंग गरम आहे. कडेवर घेतलं की जरा शांत होते, पाळण्यात ठेवलं की पुन्हा रडायला लागते.

कानात नेमकं काय होतं

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, तो मधला कान. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या भागात उघडते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा ठेवणं आणि आतला ओलावा नाकाकडे सोडणं ही तिची कामं. लहान मुलांत ही नळी आखूड, अरुंद आणि जवळपास आडवी असते. सर्दीत तिचं अस्तर सुजतं आणि ती बंद पडते. आत द्रव साठतो, नाकातले जंतू त्यात वाढतात, पू होतो आणि पडदा बाहेरच्या बाजूला फुगतो. ठणका या फुगण्याचा असतो.

कानाचं दुखणं सर्दीच्या पहिल्या दिवशी सहसा सुरू होत नाही. ते सुरू होतं तीन-चार दिवसांनी, बहुतेकदा सर्दी ओसरायला लागल्यासारखी वाटते तेव्हा. उतरलेला ताप सर्दीच्या चौथ्या दिवशी पुन्हा चढला, तर कानाचा विचार आधी करावा. आडवं झाल्यावर त्या भागातली सूज आणि दाब वाढतो, म्हणून रात्र जास्त वाईट जाते.

कोणती लक्षणं खरी, कोणती फसवी

बोलता न येणारं मूल कानाकडे बोट दाखवत नाही, ते फक्त चिडतं. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे कान ओढणं. दात येताना, झोप आल्यावर, कानात मळ असल्यावर किंवा निव्वळ चाळा म्हणूनही मुलं कान ओढतात. सर्दी नाही, ताप नाही, झोप-खाणं नेहमीसारखं आहे आणि मूल फक्त कान चोळतंय, तर मधल्या कानात पू असण्याची शक्यता कमी असते.

जास्त भरवशाची लक्षणं वेगळी आहेत आणि ती एकत्र येतात. सर्दी असते. मूल रात्री वारंवार किंचाळून उठतं आणि आडवं केल्यावर जास्त रडतं. भूक असूनही दूध ओढायला लागलं की दोन घोटांत सोडून रडतं, कारण चोखताना आणि गिळताना मधल्या कानातला दाब बदलतो आणि कळ येते. ताप असू शकतो, पण नसला म्हणून संसर्ग नाही असं होत नाही. काही मुलांना उलटी किंवा जुलाब होतात आणि घरचे पोटाच्या मागे लागतात.

एक लक्षण मात्र स्पष्ट असतं: कानातून पिवळसर किंवा रक्तमिश्रित पाणी येणं, ज्याला आपण कान फुटणं म्हणतो. आतला दाब सहन न होऊन पडद्याला बारीक छिद्र पडतं आणि पू बाहेर येतो. उशीवर डाग दिसतो आणि रात्रभर रडणारं मूल अचानक शांत झोपतं. पालकांना हे पाहून धडकी भरते, पण दाब मोकळा झाल्यामुळेच दुखणं कमी झालेलं असतं. असं छिद्र बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. तरीही डॉक्टरांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायला हवं, कारण कान वाहत असेल तर अँटिबायोटिकचा निर्णय बदलतो.

रात्री दीड वाजता काय करायचं

आधी ताप मोजा आणि आकडा लिहून ठेवा. हात लावून ‘खूप तापलंय’ असं सांगितलेलं सकाळी डॉक्टरांच्या कामी येत नाही. ईराचा ताप १०१ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ सेल्सिअस आहे.

मग दुखण्याचं औषध. इथे घाई करू नका, कारण घरी होणारी सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ठणका जोरात असेल तर १५ धरा. ईराचं वजन १० किलो, म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम.

हे १५० मिलिग्रॅम किती मिलिलिटरमध्ये आहेत ते बाटलीवर अवलंबून आहे. पॅरासिटामॉल वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ईराला साधारण ६ मिलिलिटर लागेल. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ३ मिलिलिटर. आणि तान्ह्या बाळांसाठीचे ड्रॉप्स, ज्यात १ मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात, ते असतील तर फक्त दीड मिलिलिटर. आता कल्पना करा, मागच्या वेळी ‘सहा एमएल’ दिल्याचं आईच्या लक्षात आहे आणि या वेळी घरात २५०ची बाटली आहे. मूल दुप्पट औषध पितं. ड्रॉप्सच्या बाबतीत तर चौपट. याच्या उलटही होतं: वर्षभरापूर्वी वजन सात किलो असताना सांगितलेली मात्रा आजही चालू असते आणि ‘या औषधाने काही फरक पडत नाही’ म्हणून पालक अँटिबायोटिक मागायला येतात. माझ्या मते कान दुखणाऱ्या मुलाचं निम्मं रडणं अपुऱ्या पॅरासिटामॉलचं असतं.

तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचा, वजनावरून मिलिग्रॅम काढा, त्यावरून मिलिलिटर काढा, आणि औषध सिरिंजने किंवा खुणा असलेल्या मापाने द्या. घरातला चमचा वापरू नका, दोन चमच्यांत सारखं माप मावत नाही. पुढची मात्रा चार ते सहा तासांनी, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं. ते चालू असेल तर बंद करा, नाहीतर नकळत दोनदा दिलं जातं.

दुसरा पर्याय आयब्युप्रोफेनचा. सहा महिन्यांवरच्या मुलाला दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, दिवसात तीनदाच, आणि थोडं खाल्ल्या-प्यायल्यावर. ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ईरासाठी वरची मर्यादा एका वेळी ५ मिलिलिटर. त्याचा असर थोडा जास्त वेळ टिकतो, म्हणून रात्रीसाठी बरं पडतं. पण मूल सारखं ओकत असेल, पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, अंगावर कांजिण्या असतील, डेंगीची शंका असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ते देऊ नये. अशा वेळी पॅरासिटामॉलच. दोन्ही औषधं एकदम सुरू करू नका. एकाची बरोबर मात्रा देऊन तासाभराने बघा. तरीही मूल कळवळत असेल तर दुसरं देता येतं, पण मग कोणतं औषध किती वाजता दिलं ते लिहिलंच पाहिजे. झोपमोड झालेल्या दोन माणसांनी आळीपाळीने, न लिहिता औषध देणं म्हणजे चुकीला आमंत्रण. अ‍ॅस्पिरिन लहान मुलाला अजिबात द्यायचं नाही.

औषध घेतल्यावर लगेच, पंधरा मिनिटांच्या आत, सगळं ओकून पडलं तर डॉक्टरांना विचारून तीच मात्रा पुन्हा देता येते. त्यानंतर उलटी झाली तर पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेची वाट बघा.

औषध लागू पडेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा-पाऊण तास, मुलाला उभं धरून खांद्यावर घ्या. कोमट, गरम नव्हे, असा कापड कानावर बाहेरून धरायला हरकत नाही, मूल धरू देत असेल तर. कानात मात्र काहीही घालू नका. तेल नको, उरलेले जुने थेंब नकोत, कापसाची काडी नको. पडद्याला छिद्र पडलं असेल तर कानात घातलेलं थेट मधल्या कानात जातं, आणि नसेल तरी ते पडद्यापलीकडे पोहोचत नाही. शिवाय तेलाचा थर बसलेल्या कानातला पडदा सकाळी डॉक्टरांना नीट दिसत नाही. कान सुन्न करणारे थेंब काही वेळा डॉक्टर देतात, पण पडदा शाबूत आहे हे पाहिल्यावरच. नाक मोकळं करणारी तोंडी औषधं आणि अ‍ॅलर्जीची सिरपं कानाचा संसर्ग लवकर बरा करत नाहीत. त्यांनी मूल गुंगतं किंवा उलट चिडचिडं होतं.

सकाळपर्यंत थांबायचं नाही असे प्रसंग

बहुतेक कानदुखी सकाळपर्यंत थांबू शकते. पण कानामागचं हाड सुजलं, लाल झालं, दाबल्यावर दुखतंय आणि कानाची पाळी पुढे किंवा बाहेर ढकलल्यासारखी दिसतेय, तर संसर्ग कानामागच्या हाडात पसरलेला असू शकतो. त्याला मॅस्टॉइडायटिस म्हणतात, आणि तेव्हा लगेच रुग्णालयात जायचं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, मान ताठ होणं, चालताना तोल जाणं, झटका येणं, मूल सुस्त होऊन नीट जागं न होणं, पाण्याचा थेंबही पोटात न टिकणं ही लक्षणंही तशीच. आणि घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल व त्याला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा जास्त ताप असेल, तर कान दुखतोय का हा विचार न करता थेट डॉक्टर.

डॉक्टर कानात काय बघतात

ईराला सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या छोट्या दिव्याने, दोन्ही कान तपासले. पालकांनी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं होतं: ‘कान लाल आहे’ एवढ्यावर निदान होत नाही. ताप असेल किंवा मूल रडत असेल तर निरोगी पडदाही लालसर दिसतो. बघायचं असतं ते पडदा बाहेर फुगलाय का. फुगलेला, पांढरट-पिवळा, आतलं हाड न दिसणारा पडदा म्हणजे मागे पू आहे. पडदा आपल्या जागी किंवा थोडा आत ओढलेला, मागे नुसतं पाणी, असं असेल तर तो साठलेला द्रव आहे आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

म्हणून विचारायचे प्रश्न तीन: पडदा फुगलाय का, एका कानाचा की दोन्ही, आणि पू बाहेर येतोय का. ‘कान खराब झालाय’ एवढंच उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. मळामुळे पडदा दिसत नसेल तर तेही विचारून घ्या, कारण न दिसलेल्या पडद्यावर केलेलं निदान हा अंदाज असतो.

अँटिबायोटिक कधी लागतं

कानाचे बरेच संसर्ग शरीर स्वतःच बरे करतं. मुलांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की अँटिबायोटिक घेतलं किंवा नाही, साधारण ६० टक्के मुलांचं दुखणं चोवीस तासांत थांबलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी दुखत राहणाऱ्या एका मुलाला फायदा व्हावा म्हणून साधारण वीस मुलांना औषध द्यावं लागतं, आणि त्याच वेळी दर चौदा मुलांमागे एकाला औषधामुळेच जुलाब, उलटी किंवा पुरळ येतं. म्हणजे औषध उपयोगाचं आहे, पण सरसकट द्यावं इतका फायदा नाही. दोन्ही कानांत संसर्ग असलेली दोन वर्षांखालची मुलं आणि कान वाहणारी मुलं, यांना फायदा जास्त होतो. निर्णय त्यामुळेच या गोष्टींवर ठरतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्ये जे निकष दिले, ते पुष्कळ डॉक्टर वापरतात आणि पालकांनाही सहज कळण्यासारखे आहेत. ते सहा महिन्यांवरच्या मुलांसाठी आहेत. त्याहून लहान बाळाला सहसा अँटिबायोटिक देतातच. कान वाहत असेल तर द्यायचं, वय काहीही असो. आजार तीव्र असेल तर द्यायचं, आणि तीव्र म्हणजे पुढच्यापैकी एक: ठणका मध्यम ते जोराचा आहे, दुखणं ४८ तासांपेक्षा जास्त टिकलंय, किंवा ताप ३९ सेल्सिअस (१०२.२ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त आहे. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाचे दोन्ही कान फुगलेले असतील तर आजार सौम्य असला तरी द्यायचं.

उरली ती मुलं, ज्यांच्याबाबत थांबता येतं: सहा महिने ते दोन वर्षं, एकच कान, सौम्य आजार, आणि दोन वर्षांवरची मुलं, सौम्य आजार, मग कान एक असो वा दोन. जन्मतः टाळू दुभंगलेली, डाउन सिंड्रोम असलेली, प्रतिकारशक्ती कमी असलेली किंवा कानात यंत्र वा नळी बसवलेली मुलं या हिशोबात येत नाहीत. त्यांचा निर्णय त्यांचे डॉक्टर वेगळा करतात.

ईराचा फक्त उजवा कान फुगलेला होता, ताप ३८.३, आणि रात्री बरोबर मात्रा दिल्यावर ती झोपली होती. सकाळी खेळण्याकडे हात करत होती. डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं.

थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे

इथे बऱ्याचदा गडबड होते. ‘दोन दिवस बघू’ याचा अर्थ काही पालक औषध न देता बघू असा घेतात. थांबायचंय ते अँटिबायोटिकसाठी, दुखण्याच्या औषधासाठी नाही. पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल रडण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळी दिलेलं बरं, निदान रात्री झोपण्यापूर्वी तरी.

दुसरी गोष्ट, थांबण्याला मुदत हवी: ४८ ते ७२ तास. या काळात मूल बरं होत नसेल किंवा कधीही बिघडलं तर काय करायचं, हे दवाखान्यातून निघतानाच ठरलेलं असावं. पुन्हा दाखवायचं, की दिलेली चिठ्ठी घेऊन औषध सुरू करायचं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तुम्हाला परत येणं शक्य नसेल, प्रवासाला निघत असाल किंवा मुलावर लक्ष ठेवायला कुणी नसेल, तर तेही सांगा. थांबण्याचा पर्याय पाठपुरावा होणार असेल तरच सुरक्षित आहे.

ईराच्या घरी एका कागदावर चार रकाने केले: वेळ, ताप, दिलेलं औषध, आणि झोप-दूध कसं होतं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप १०२.६ झाला, आयब्युप्रोफेन देऊनही तीन तासांत पुन्हा रडू सुरू झालं, दूध जवळजवळ बंद झालं. ताप ३९ सेल्सिअसच्या वर गेला म्हणजे आजार आता सौम्य राहिला नाही. पुन्हा तपासणी झाली, उजवा पडदा आणखी फुगलेला होता, आणि अँटिबायोटिक सुरू झालं. याचा अर्थ आदला दिवस वाया गेला असा नाही. थांबलेल्या मुलांपैकी काहींना औषध लागतंच, बाकीच्यांचं टळतं, आणि ते कोण हे पहिल्या सकाळी सांगता येत नाही.

कोणतं, किती आणि किती दिवस

पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला. कानाच्या संसर्गात त्याची मात्रा नेहमीपेक्षा मोठी असते: दिवसाला दर किलोला ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. ईरासाठी दिवसाचे ८०० ते ९०० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी ४०० ते ४५०. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे एका वेळी ८ ते ९ मिलिलिटर होतात. ‘एवढ्याशा जिवाला एवढं औषध?’ म्हणून घरची मोठी माणसं ते निम्म्यावर आणतात. आणू नका. मधल्या कानातल्या द्रवात औषध कमी पोहोचतं आणि काही न्यूमोकॉकस जंतूंना छोट्या मात्रेने फरक पडत नाही, म्हणूनच ही मात्रा मोठी ठेवलेली असते.

दोन वर्षांखालच्या मुलाला दहा दिवस, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला आजार तीव्र नसेल तर सात दिवस. दहा दिवस जास्त वाटतात खरे, पण २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना एका गटात पाच दिवस आणि दुसऱ्यात दहा दिवस औषध दिलं. पाच दिवसवाल्यांत ३४ टक्के मुलांचा उपचार फसला, दहा दिवसवाल्यांत १६ टक्के. तिसऱ्या दिवशी मूल हसायला लागलं की बाटली बाजूला ठेवायचा मोह या वयात तरी टाळावा.

हिशोबही आधीच करून घ्या. दिवसाला १८ मिलिलिटर, दहा दिवसांचे १८० मिलिलिटर. एका बाटलीत ते मावणार नाही. पूड असलेल्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवून फेस बसू द्या, पातळी उतरली असेल तर पुन्हा खुणेपर्यंत भरा. दर वेळी देण्याआधी हलवा. तयार केलेलं औषध किती दिवस आणि कुठे ठेवायचं हे वेष्टणावर असतं, बहुतेकांची मुदत दहा दिवसांपेक्षा कमी असते. म्हणून दुसरी बाटली लागेल तेव्हाच कालवा.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या तीन गोष्टी आहेत. गेल्या महिन्याभरात मुलाने अमॉक्सिसिलिन घेतलं का, डोळ्यांतून चिकट पू येतोय का, आणि आधी कधी पेनिसिलिन गटाच्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला का. पहिल्या दोन्हींत साधं अमॉक्सिसिलिन पुरत नाही, त्यासोबत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेलं मिश्रण लागतं, कारण अमॉक्सिसिलिन निकामी करणारे जंतू असण्याची शक्यता असते. तिसऱ्यात औषधाचा गटच बदलावा लागतो. तीन दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन सोयीचं म्हणून मागू नका. कानात सापडणाऱ्या नेहमीच्या जंतूंवर ते अमॉक्सिसिलिनइतकं चालत नाही, त्याचा उपयोग मुख्यतः पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांना.

जुलाब हा ठरलेला त्रास, विशेषतः क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या मिश्रणाने. औषध खाण्याच्या सुरुवातीला द्या, पाणी-दूध वाढवा, लंगोटाची जागा कोरडी ठेवून तिथे मलम लावा. तेवढ्यासाठी औषध मधेच सोडू नका. रक्त पडलं किंवा मूल सुकायला लागलं तर मात्र लगेच दाखवा.

औषध लागू पडलं की नाही, कसं ओळखायचं

सुरू केल्यावर पहिल्या दिवशी काहीच फरक दिसणार नाही, ताप वाढूही शकतो. तोवर दुखण्याचं औषध चालूच. ४८ तासांनंतर ताप उतरायला, झोप सलग व्हायला आणि दूध पुन्हा जायला लागायला हवं. ईराचा ताप दुसऱ्या रात्री उतरला, तिसऱ्या सकाळी ती स्वतःहून वाटी घेऊन बसली. ४८ ते ७२ तासांनी तसं झालं नसतं तर कान पुन्हा बघून औषध बदलायचं असतं. फोनवरून बदलणं ठीक नाही, कारण कधी कधी कान सुधारलेला असतो आणि ताप नव्या विषाणूचा असतो.

कान वाहत असेल तर बाहेरचा भाग मऊ कापडाने पुसा, आत कापूस कोंबू नका, न्हाऊ घालताना कानात पाणी जाऊ देऊ नका आणि पोहायला नेऊ नका. पडदा भरून आला हे डॉक्टरांनी बघून सांगेपर्यंत हे पाळायचं. वाहत्या कानात घालायचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तरच, कारण काही थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात.

मागे उरलेलं पाणी

आता जिथे सर्वाधिक अनावश्यक अँटिबायोटिक जातं तो भाग. संसर्ग बरा झाल्यावरही मधल्या कानात द्रव बराच काळ राहतो. दोन आठवड्यांनी साधारण ७० टक्के मुलांत तो दिसतो, महिन्याने ४० टक्के मुलांत, तीन महिन्यांनी १० ते २५ टक्के मुलांत. म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी कुणी कानात बघून ‘अजून पाणी आहे’ म्हटलं, तर ते अपेक्षितच आहे. मूल खेळतंय, ताप नाही, दुखत नाही, पडदा फुगलेला नाही, तर दुसरा कोर्स नको. त्याने पाणी लवकर ओसरत नाही, जुलाब मात्र होतात.

या काळात ऐकू थोडं कमी येतं. हाक मारल्यावर वळत नाही, आवाज मोठा लागतो, शिकलेले शब्द कमी वापरतं, असं वाटलं तर समोर बसून, तोंड दिसेल असं, स्पष्ट बोला. तीन महिन्यांनीही पाणी राहिलं तर श्रवणचाचणी करून घ्यायची. बोलणं आधीच मागे असेल तर तेवढंही थांबू नका.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

वर्षातून एखाद-दुसरा कानाचा संसर्ग या वयात सामान्य आहे. सहा महिन्यांत तीन, किंवा वर्षभरात चार आणि त्यातला एक तरी गेल्या सहा महिन्यांत, असं झालं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचं. पडद्यात बारीक नळी बसवायची का, याचा विचार तिथे होतो. हा हिशोब खरा ठरायचा तर प्रत्येक वेळी पडदा खरंच फुगला होता का, हे कागदावर हवं. नुसतं ‘कानदुखी’ लिहिलेल्या चार चिठ्ठ्यांतल्या दोन सर्दीच्या निघतात.

बदलता येण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. घरात आणि गाडीत कुणी सिगारेट ओढू नये. बाटली झोपून पाजू नये, डोकं वर धरून पाजावी. सहा महिन्यांनंतर तोंडातली चोखणी फक्त झोपेपुरती ठेवावी, किंवा सोडवावी. न्यूमोकॉकसची आणि दरवर्षी फ्लूची लस राहिली असेल तर द्यावी. फरक माफक असतो, पण असतो. पाळणाघरात मुलं जास्त असतील तर सर्दी जास्त आणि कानही जास्त, त्याला बहुतेक पालकांकडे पर्याय नसतो. दोन वर्षांनंतर नळी लांब आणि तिरकी होत जाते आणि प्रकरण बऱ्यापैकी कमी होतं. तोवर औषधाच्या कपाटात एकाच तीव्रतेची पॅरासिटामॉलची एकच बाटली ठेवा, आणि तिच्यावर मुलाचं आजचं वजन व त्यानुसार मिलिलिटर लिहून चिकटवा. दर दोन-तीन महिन्यांनी वजन करून तो आकडा बदला.